मेहबूबबींच्या तंबूची चौकशी

माझ्या सासूबाईंना, म्हणजे मेहबूबबींना, काय हवं असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "मला काय नगं." ईदला साडी घ्यायला त्यांना बारामतीला नेलं, तर दुकानातून बाहेर पडताना त्यांच्या हातात नातवंडांचे कपडे असतात आणि साडी राहून गेलेली असते. जेवायला सगळ्यांत शेवटी बसतील, पंख्याखालची जागा दुसऱ्याला देतील, आणि एवढं करून कुणी कौतुक केलं तर त्याच्यावरच डाफरतील.

मी त्यांच्या अगदी उलट. मी तोंडाळ. कळस गावात माझं शिवणकाम चालतं. बायका ब्लाउज टाकायला येतात आणि माझी बोलणी खाऊन जातात. हवं ते मागायचं, नको ते तोंडावर सांगायचं, हा माझा स्वभाव. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई चार महिने माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या, ही कुठली बाई आणली म्हणून.

तर कधी काही न मागणाऱ्या या सासूबाईंनी मागच्या थंडीत माझ्या मशीनजवळ येऊन, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हटलं, "शबिना, शबे बारातीच्या राती मला जुन्या गावाच्या पाण्याकडं न्येशील का?"

माझा पायडलवरचा पाय थांबला.

शबे बारात ही आमच्याकडे गेलेल्या माणसांची आठवण काढायची रात्र. बायका दुपारपासून हलवा करतात, संध्याकाळी फातिहा, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, होते, पुरुष कब्रस्तानात जाऊन फुलं-अगरबत्ती करून येतात, आणि मग घरोघर रात्रभर जागून इबादत चालते. आमच्या बायका कब्रस्तानाच्या आत जात नाहीत. ती आमची रीत. माझे सासरे अल्लाबक्ष दरवर्षी कळसच्या कब्रस्तानात आपल्या आईबापाकडे जातात, आणि सासूबाई दारात उभ्या राहून त्यांची वाट बघतात.

त्यांची स्वतःची आई भीमेच्या काठच्या जुन्या गावात पुरलेली. सासूबाई तेव्हा एवढ्याशा होत्या. पुढं उजनी धरणाची भिंत उभी राहिली, पाणी चढत आलं आणि गाव वर माळावर हललं. लोकांनी दारं नेली, तुळया नेल्या, जाती नेली, एकानं तर अंगणातली फरशीसुद्धा उचकटून नेली. कबरी तेवढ्या राहिल्या. नव्या गावात एक भाऊ होता, तोही पुढं सोलापूरला गेला आणि तिकडंच वारला. आता तिथं त्यांना पाठ टेकायला माहेरचं एक घर नाही.

"दिवसा जाऊन येऊ की," मी म्हटलं. "इरफान गाडीनं न्येईल." इरफान माझा नवरा.

"दिवसा लई येळा बघितलं मी," सासूबाई म्हणाल्या. "त्या राती सगळी आपापल्या माणसांसाठी जागत्यात गं. माझी अम्मा तितं एकलीच असती. एक रात तिच्याजवळ जागू दे मला. दुसरं काय नगं."

 मी हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि हो म्हटलं.

उघड्या काठावर थंडीत म्हाताऱ्या माणसाला रात्रभर बसवायचं कसं, हा प्रश्न इरफाननं मोबाइलवर सोडवला. पाण्याकाठी आता तंबूंची राहायची सोय ठिकठिकाणी झाली आहे. फ्लेमिंगो बघायला पुण्याची माणसं येतात, रात्री तंबूत राहतात, पहाटे होडीनं पक्षी बघतात. त्यातला एक तळ नेमका जुन्या गावासमोरच्या काठावर निघाला, आणि तो निघाला राजवर्धनचा. राजवर्धन म्हणजे कुशाबाईचा मुलगा, आणि कुशाबाई म्हणजे सासूबाईंची लहानपणची मैत्रीण. तिचं लग्न गावातच झालं, त्यामुळे गावाबरोबर तीही वर माळावर गेली. तिथं आता त्यांचा ऊस आहे, घर आहे, आणि घराच्या खालच्या अंगाला हे तंबू.

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, ठरलं.

पण मी फोन केलाच. राजवर्धन गोड बोलला. "वहिनी, सगळं हाय. गादी, रग, रातचं जेवण, सकाळचा नाश्टा, शेकोटी. होडीचं तेवढं येगळं."

"बाथरूम तंबूला जोडून हाय का सामायिक?"

"हाय की बाथरूम. एकदम जवळ."

जवळ हा शब्द ऐकला की मी सावध होते. ब्लाउज कधी मिळेल असं विचारल्यावर मीपण बायकांना 'लवकर' असंच सांगते. मी पुढं विचारणार, तोवर सासूबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, "बरं बाळा, आईला सलाम सांग," म्हणाल्या आणि बंद केला.

"काय गं हे? आपल्या गावच्या माणसाला संडास कसलाय म्हणून इचारत्यात व्हय? कुशी काय म्हणंल? तिच्याच दारात जायाचं आन् तिच्याच घराची झडती घ्यायची!"

ही त्यांची भीड. परक्याला त्या दोन प्रश्न विचारतीलही, पण आपल्या माणसाला विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, अशी त्यांची पक्की समजूत. आणि मला दिसत होतं ते वेगळंच. त्यांना साखर आहे. रात्रीतून कितीदा तरी उठावं लागतं. गुडघे असे की खाली बसलं तर उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. म्हणून तर घरी आम्ही कमोड बसवून घेतला.

मी रविवारी इरफानला घेऊन गेले. सासूबाईंना सांगितलं, भिगवणला मासे आणायला चाललोय.

हायवे सोडल्यावर उसातून कच्चा रस्ता होता, पण मुरूम टाकून दाबलेला. पाऊस आला तरी गाडी रुतणार नव्हती. भिगवणचा दवाखाना अर्ध्या तासाच्या आत. तंबू खरंच देखणे होते. जाड कॅनव्हास, त्यावर ताडपत्रीचं दुसरं छप्पर, खाली सिमेंटचा ओटा, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही. दोऱ्या ताणलेल्या, खुंट्या लोखंडी आणि खोल ठोकलेल्या. उजनीवरचं वारं कधी उठेल सांगता येत नाही, म्हणून मी एक खुंटी पायानं हलवून बघितली. हलली नाही. आतून दाराला जाळी, त्याची चेन खालपर्यंत बंद होत होती. ते महत्त्वाचं, कारण दिवस मावळताना पाण्यावरून चिलटांचे ढग येतात आणि दिवा दिसला की त्यावर तुटून पडतात. शिवाय उसाच्या कडेला साप-विंचू असायचेच. राजवर्धननं दिवे तंबूपासून लांब आणि पिवळे लावले होते. शेकोटीची जागा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, जवळ वाळूच्या बादल्या, आग विझवायचं लाल नळकांडं, रात्रीला एक राखणदार. पोरगं हुशार आहे, हे मी कबूल केलं. शनिवार-रविवारी मोठ्यानं गाणी लावतात तेवढं खटकलं, पण आमची रात्र मधल्या वारी येत होती.

आणि मग मी तो 'एकदम जवळ'चा संडास बघायला गेले.

उतारावरून खाली, सुटे दगड, वाटेला एकही दिवा नाही. आठ तंबूंना मिळून दोन संडास, दोन्ही खाली बसायचे. एकाची कडी मोडलेली, तिथं सुतळी बांधली होती. मी ती सुतळी हातात धरून उभी राहिले आणि माझं डोकं फिरलं.

"राजवर्धन, दिवसा मीच इथं घसरत आले. माझ्या सासूबाई रातच्याला कशा येतील?"

तो कान खाजवत म्हणाला, "वहिनी, पुण्याच्या लोकांना असलंच आवडतंय. ते म्हणत्यात, गावाकडचा फील आला पाहिजे."

"गावाकडच्या माणसाला नगं वाटतंय, त्याचं काय?" मी म्हटलं. इरफाननं माझा हात ओढला. वर ओट्यावर कुशाबाई चहा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं असणार, पण चहाचा कप तेवढा पुढं केला. मी चहा प्यायले.

परत येताना हायवेच्या अंगाचा दुसरा एक तळ बघितला. तिथं सगळं होतं. तंबूच्या मागं पक्क्या भिंतीची बाथरूम, कमोड, शेजारी धरायला दांडा, गरम पाणी. माझ्या मनातून ठरलं.

घरी येऊन मी सगळं खरं सांगून टाकलं. सासरे गादीवाले, आयुष्य कापूस पिंजण्यात आणि गाद्या भरण्यात गेलेलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गादी कापसाची हाय का फोमची?" फोमची म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं आणि विषय त्यांच्यापुरता संपला. सासूबाईंनी माझी भिगवणच्या माशांची थाप ऐकून घेतली, रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "त्या दुसऱ्या तंबूतनं आमचं गाव दिसतं का?"

"न्हाय. मधी टेकाड येतं. पण पाणी तेच हाय, अम्मी."

"व्हय. पाणी तेच."  मग म्हणाल्या, "लगीच पैसं भरू नगंस. जरा थांब. कुशीकडचं मला जमंल बहुतेक."

कसं जमेल ते मी विचारलं नाही. तोंडाळ म्हणवणारी मी, नेमकं तेव्हाच गप्प बसले. हातात लग्नसराईचं काम होतं.

त्या आठवड्यात घरात काहीतरी बिनसलं होतं, पण मला कळायला उशीर झाला. सासूबाईंच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचं काम माझं. सकाळी तो रिकामा असायचा. आता जसाच्या तसा राहू लागला. मला वाटलं, थंडी आहे, तहान लागत नसेल. चहाही त्या अर्धाच घ्यायच्या. ओठ सुकलेले. एकदा हौसेनं म्हणाल्या, "आज राती मी येकदाच उठले बघ." मी म्हटलं, बरं झालं, औषध लागू पडतंय.

आणि एका सकाळी ओट्याशी उभ्या उभ्या त्या खाली बसल्या, बसल्या त्या आडव्याच झाल्या.

इंदापूरला नेलं. साखर वाढलेली, अंगातलं पाणी कमी झालेलं. सलाईन लावलं. डॉक्टर मला विचारत होते, यांनी पाणी का सोडलं? मला काय माहीत! मी त्यांच्या खाटेशी बसले. डोळे उघडल्यावर त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सवय करत हुते. येक रात काढायची हुती फकस्त. पानीच न्हाय पेलं तर उठायचं काम पडत न्हाय. आमी बायका लग्नाला, जत्रंला जाताना असंच करत आलो की. वाटलं, जमंल."

मला ओरडायचं होतं. मी ओरडलेही, नर्स येऊन गप्प करून गेली. पण आत दुसरंच चाललं होतं. या बाईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली. त्या गोष्टीच्या आड एक संडास आला. आणि तो चांगला करून द्या असं म्हणण्यापेक्षा तिला तहानेनं मरणं सोपं वाटलं. मी त्यांचा हात धरून रडले. शिवणकामानं बोटं खरबरीत झालीत माझी, तरी त्यांनी ती सोडली नाहीत.

घरी आल्यावर मी एकच अट घातली. "तो दुसरा तंबू नगं असंल तर नगं. पण कुशाबाईला तुमी सोता फोन करायचा आन् काय पायजे ते सांगायचं. तुमी न्हाय सांगितलं तर आपुन कुठंच न्हाय जायाचं."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन माझ्यासमोर धरला, लावून दे म्हणून.

काय तो फोन! आधी ऊस कधी तुटला ते झालं. मग गुडघेदुखी, मग कुणाची सून कशी, मग थंडी. मी समोर बसून डोळे वटारत होते. सासूबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि शेवटी एका दमात म्हणाल्या, "कुशे, मला सारखं जावं लागतंय गं. खाली बसाय येत न्हाय. तुझ्या त्या उतारावर मी पडंल."

 मला वाटलं, तुटली मैत्री. मग कुशाबाईचा आवाज आला. फोन कानाला होता तरी मला सगळं ऐकू येत होतं. "आगं मेहबूबे, मला काय ग्वाड लागतंय व्हय तितं जायाला? घरातला संडास पाडून पोरानं सगळ्यांना त्योच केलाय. मी बी बॅटरी घिऊन, भिताडाला धरून जाती रोज. पोराला कसं सांगायचं म्हून गप बसले हुते."

दोघी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला कळेना, हे हसू आहे की काय आहे.

राजवर्धनवर दोन आया तुटून पडल्यावर त्याचं काय चालणार! त्यानं कडेच्या तंबूच्या मागं, घराच्या बाजूला, तयार केबिन आणून बसवली, पाइप जुन्या टाकीला जोडला, आत कमोड आणि भिंतीला दांडा. वाटेवर बुटके दिवे लावले. मला व्हिडिओ पाठवला. मी म्हटलं, व्हिडिओत ब्लाउज पण मापाचा दिसतो. मी परत गेले. दार लावून कडी घातली, कमोडवर बसून दांडा धरून उठले, फ्लश ओढला, नळ सोडला. बाहेर राजवर्धन हात जोडून उभा होता. "वहिनी, झालं का पास?" मी म्हटलं, "झालं." परत येताना माझंच मला हसू आलं.

शबे बारातीच्या दिवशी सासऱ्यांनी आपल्या हातानं भरलेली कापसाची गादी गाडीच्या टपावर बांधली. ते स्वतः कळसच्या कब्रस्तानात जाणार होते. सासूबाईंनी पहाटेच उठून हलवा केला होता. वाटेत त्यांनी दोनदा मागून पाणी घेतलं. इरफाननं हवामान बघितलं होतं, वारं नव्हतं, तरी त्यानं उतरल्या उतरल्या दोऱ्या तपासल्या.

दिवस मावळायला आला होता. चिलटं यायच्या आत मी तंबूची जाळी लावून घेतली, दिवा लावला नाही. सासूबाई आत आल्याच नाहीत. त्या काठाच्या बाजूला उभ्या होत्या, आणि कुशाबाई त्यांच्या शेजारी. पाणी शांत होतं. लांब उथळ कडेला पक्षी उभे होते. समोर नुसतं पाणी, दुसरं काही नाही.

"कुठं गं?" सासूबाईंनी विचारलं.

कुशाबाईनं हात लांब केला. "ती लांबची होडी दिसती का? तिच्या अलीकडं. तितं चिंच हुती. चिंचंच्या मागं तुमच्या लोकांची जागा."

"तू आत गेल्ती?"

"चिंचा येचायला जायाचो की आमी. आमाला कोण आडवतंय?"

 सासूबाईंना ती जागा लहानपणीही बाहेरूनच दिसली होती. मग पाण्यानं झाकली. आता तिथं ना कुंपण होतं, ना आत जाऊ नको म्हणणारं कुणी. त्यांनी फातिहा म्हटली. हलव्याची वाटी कुशाबाईच्या हातात दिली. पूर्वेला चंद्र वर आला होता, पुरा गोल.

मग त्यांनी चपला काढल्या आणि पाण्यात उतरल्या. मी ओरडणार होते, खाली शेवाळ आहे, पाय घसरेल. कुशाबाईनं माझा दंड धरला. घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन सासूबाई थांबल्या आणि ओणव्या होऊन त्यांनी पाण्यावर हात ठेवला, झोपलेल्या लेकराच्या अंगावर ठेवावा तसा. त्यांची आई गेली तेव्हा पंचविशीचीसुद्धा नव्हती. त्या स्वतः आता साठीच्या पुढं.

त्या हळू बोलल्या, पण पाण्यावरून आवाज माझ्यापर्यंत आला.

"अम्मा, मी मेहबूब. वळखशील का गं मला? लई म्हातारी झाले मी."